जास्त डेन्सिटी म्हणजे भारी माल? रॉकवूल-ग्लासवूल घेताना हेच गणित चुकतं

एप्रिल उजाडला की विदर्भात पत्र्याच्या खोलीत दुपारी बसणं म्हणजे शिक्षा. मग कुणीतरी सांगतं, "वरून रॉकवूल टाकून घ्या." माणूस दुकानात जातो, तिथं विचारतात, "अठ्ठेचाळीसचं देऊ, चौसष्टचं देऊ की शहाण्णवचं?" आकडा मोठा, भावही मोठा. मग वाटतं, महाग आहे म्हणजे थंडावा जास्त देत असेल.

पण तसं नसतं.

आधी हा माल काय आहे ते बघू

बेसॉल्टसारखा दगड वितळवून त्याचे बारीक धागे काढले की रॉकवूल होतं. काच वितळवून काढले की ग्लासवूल. दोन्हींना मिळून मिनरल वूल म्हणतात. उष्णता अडवण्याचं खरं काम धागे करत नाहीत, त्यांच्यात अडकलेली हवा करते. धागे फक्त त्या हवेला हलू देत नाहीत.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर मालाचं वजन किती किलो. ४८ ची डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४८ किलो.

आता मुद्दा असा. माल फारच विरळ असेल तर आतली हवा फिरते आणि उष्णता निसटते. त्यामुळे ग्लासवूलमध्ये १२ वरून २४ वर गेलं तर फरक पडतो. पण रॉकवूलमध्ये ४८ वरून ९६ वर गेल्यावर माल दुप्पट लागतो आणि उष्णता अडवण्यात फरक जेमतेम पडतो. उलट धागे खूप दाटले की उष्णता धाग्यांतूनच पुढे सरकायला लागते.

जाडीचं मात्र तसं नाही. ५० मिलिमीटरच्या जागी १०० मिलिमीटर टाकलं की अडथळा सरळ दुप्पट. म्हणजे उन्हासाठी पैसे घालायचेच असतील तर ते जाडीत घाला.

मग डेन्सिटी बघायची कशासाठी?

तर माल कुठं बसणार आहे आणि त्याच्यावर किती भार येणार आहे, यासाठी. रोल, बॅट आणि स्लॅब हे तीन प्रकारही त्यातूनच आलेत.

रोल म्हणजे गुंडाळी. हलकी, मऊ, लांबच लांब पसरता येते. बॅट म्हणजे ठरावीक मापाचे तुकडे. हे दाबले तर दबतात आणि सोडले की फुगून फटीत घट्ट बसतात. स्लॅब म्हणजे कडक पाट्या, ज्या स्वतःचा आकार धरून ठेवतात. आपल्याकडे दुकानात बॅट हा शब्द कमी ऐकू येतो, ४८ च्या मऊ पाट्यांनाही सरसकट स्लॅबच म्हणतात. त्यामुळे नावावर जाऊ नका, हातानं दाबून बघा.

एक उदाहरण घेऊ. अकोल्यात एका घराच्या गच्चीवर १० बाय १२ ची पत्र्याची खोली आहे. तिचं छत तापतं, मध्ये जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घालायचंय आणि खाली राहणाऱ्या भाडेकरूंना वरच्या पावलांचा आवाज जातो. घर एकच, पण तीन जागांना तीन वेगळे माल लागतील.

छत : रोल

पत्र्याखाली मालावर कुणी उभं राहणार नाही. त्यामुळे २४ डेन्सिटीचा, एका बाजूला ॲल्युमिनियम फॉइल लावलेला ग्लासवूलचा रोल पुरतो. खोली साधारण ११ चौरस मीटर. ५० मिलिमीटर जाडीला सगळा माल मिळून १३-१४ किलो भरतो. हाच १४४ चा स्लॅब घेतला तर ८० किलो होतो. म्हणजे अँगलवर उगाच ओझं, आणि उन्हाला त्याचा फायदा नगण्य.

फॉइल खाली, खोलीकडे ठेवायची आणि सांध्यांना फॉइलचीच टेप मारायची. कारण पहाटे पत्रा गार पडतो. खोलीतली दमट हवा त्याला लागली की पाणी सुटतं आणि ते वूलमध्ये मुरतं. ओलं वूल उष्णता अडवत नाही, कारण हवेच्या जागी पाणी आलेलं असतं. म्हणून गळका पत्रा आधी दुरुस्त करायचा, वूल नंतर.

दुसरी चूक रोल दाबण्याची. तारेनं ओढून पत्र्याला चिकटवला की ५० चा माल २० मिलिमीटरचा होतो आणि निम्म्याहून जास्त पैसे वाया. खाली जाळी बांधून त्यावर तो मोकळा पसरू द्यायचा.

भिंत : बॅट किंवा मऊ स्लॅब

पार्टिशनमध्ये माल उभा राहतो. रोल तिथं काही काळानं स्वतःच्या वजनानं खाली सरकतो आणि वर पोकळी पडते. वरच्या भागावर टकटक केल्यावर पोकळ आणि खालच्या भागावर भरीव आवाज आला, तर माल बसलाय असं समजायचं.

इथं ४८ चं रॉकवूल ठीक. पट्ट्यांमधल्या अंतरापेक्षा तुकडा सेंटिमीटरभर मोठा कापला की तो आपोआप अडकून बसतो. आवाज अडवायला ९६ ची गरज नसते. बोर्डाचा अजून एक थर आणि बुजवलेल्या फटी त्यापेक्षा जास्त काम करतात. पार्टिशन आगीसाठीचं असेल तर मात्र स्वतःच्या अंदाजानं डेन्सिटी ठरवायची नाही. चाचणी झालेल्या रचनेत जी लिहिली असेल तीच घ्यायची.

फरशी : कडक स्लॅब

डेन्सिटीचा खरा कस इथं लागतो. पावलांचा आवाज थांबवायचा तर आरसीसी स्लॅबवर वूलची पाटी, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर काँक्रीटचा थर आणि मग फरशी अशी रचना करतात. मऊ माल टाकला तर कपाटाच्या पायाखाली तो दबतो आणि फरशी तडकते. म्हणून साधारण १०० ते १५० डेन्सिटीचा, फरशीखाली घालण्यासाठीच बनवलेला स्लॅब लागतो.

काँक्रीट भिंतीला टेकता कामा नये. कडेनं वूलची किंवा फोमची पट्टी उभी ठेवायची, नाहीतर आवाज त्याच वाटेनं खाली जातो. आणि ५० मिलिमीटरचा काँक्रीट थर या खोलीत हजार किलोच्या वर जातो. जुन्या घरात आधी इंजिनिअरला विचारल्याशिवाय हा उद्योग करू नये.

फसवणूक कशी ओळखायची?

वजनकाट्यावर. १ मीटर बाय ६०० मिलिमीटरची, ५० मिलिमीटर जाड पाटी घ्या. ४८ ची असेल तर ती साधारण १.४४ किलो भरली पाहिजे, ६४ ची १.९ आणि ९६ ची २.९ किलो. थोडं इकडंतिकडं चालतं. पण ६४ सांगून दीड किलोची पाटी दिली, तर तो ४८ चाच माल आहे. जाडीही टेपनं मोजा, कारण पातळ पाटी दाट वाटते. पाकिटावर आयएस ८१८३ हे भारतीय मानक लिहिलंय का तेही बघा.

बसवताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात, धागे अंगाला खाजतात.

थोडक्यात काय, तर दुकानदारानं "कितीचं देऊ?" विचारलं की आधी तीन गोष्टी सांगायच्या. माल आडवा पसरणार, उभा राहणार की पायाखाली जाणार? आडव्याला रोल, उभ्याला बॅट, पायाखाली स्लॅब. आणि ऊन अडवायचं असेल, तर जाडीचा आकडा आधी विचारायचा.