हिमोग्लोबिन बारा झाल्यानंतरचे तीन महिने

हिमोग्लोबिनचा आकडा ८.६ वरून १२.६ वर आला की घरात सगळ्यांना हायसे वाटते. निरोगी, गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ही खालची मर्यादा मानली जाते. ती ओलांडली म्हणजे रक्त भरले, असे धरून त्याच आठवड्यात लोहाच्या गोळ्या बंद होतात. त्या नकोशाही झालेल्या असतात. पोट बिघडते, शौचाला काळे होते, तोंडाला धातूची चव येते. चार-सहा महिन्यांनी तीच मुलगी पुन्हा जिना चढताना धापा टाकते, केस हातात येतात, आणि रिपोर्टवर आकडा पुन्हा अकराच्या खाली दिसतो. मग ‘हिला गोळ्या लागूच पडत नाहीत’ असे म्हटले जाते. गोळ्या लागू पडलेल्या असतात, त्या फक्त अर्ध्या वाटेवर सोडलेल्या असतात.

शरीरात लोह दोन ठिकाणी असते. मोठा भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये, आणि उरलेला यकृतात व अस्थिमज्जेत राखीव साठा म्हणून. लोह कमी पडू लागले की शरीर आधी हा साठा उपसते. तो संपेपर्यंत हिमोग्लोबिन जवळजवळ ठीकच राहते. गोळ्या सुरू झाल्या की क्रम उलटा होतो. येणारे लोह आधी रक्त तयार करण्यात खर्च होते आणि साठ्याची पाळी शेवटी येते. म्हणून १२.६ या आकड्याच्या दिवशी रोजचा डबा भरलेला असतो, कणगी मात्र रिकामीच असते. कणगीत किती आहे ते फेरिटिन या रक्तचाचणीतून कळते.

हे आकड्यांत मांडले की तीन महिन्यांचा हिशेब उलगडतो. बावीस वर्षांची, ५० किलो वजनाची एक मुलगी घेऊ. पाळी सात-आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस जोरात जाते. दर पाळीला सुमारे १०० मिलिलीटर रक्त जाते असे धरू. साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलीटर जाते आणि ८० च्या वर गेले की ते जास्त समजतात. तिचे हिमोग्लोबिन ८.६, फेरिटिन ५.

तिच्या अंगात सव्वातीन लिटर रक्त आहे. त्यात हिमोग्लोबिन चार ग्रॅमने वाढवायला साधारण ४४० मिलिग्रॅम लोह लागते. रोज ६० मिलिग्रॅम लोहाची एक गोळी घेतली आणि त्यातले आठ-नऊ मिलिग्रॅम अंगी लागले, तर दोन महिन्यांत पाचशेच्या आसपास लोह आत येते. त्यातले साठेक मिलिग्रॅम दोन पाळ्यांत जाते. उरले ४४०. म्हणजे दोन महिन्यांत आकडा १२.६, आणि साठ्यात जवळजवळ शून्य.

फेरिटिन ५० च्या घरात आणायला साठ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम लोह लागते. आता रक्त भरलेले असल्याने आतडे लोह कमी शोषते, रोजचे पाच-सहा मिलिग्रॅमच धरावे लागतात. शिवाय पाळीतला तोटा वाढतो. पातळ रक्त जात होते तेव्हा १०० मिलिलीटरमागे ३० मिलिग्रॅम लोह जायचे, आता तेवढ्याच रक्तातून चाळीसच्या वर जाते. तीन महिन्यांत पाचशेहून थोडे अधिक आत येते, सव्वाशे-दीडशे बाहेर जाते, आणि साठा चारशेच्या जवळ पोचतो. हिमोग्लोबिन सुधारल्यावर आणखी सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवा, असे डॉक्टर सांगतात, ते यासाठी.

हा हिशेब एका कल्पित मुलीचा आहे. प्रत्येकीचे वजन, शोषण आणि रक्तस्राव वेगळा असतो, म्हणून तारखेपेक्षा फेरिटिनवर विश्वास ठेवावा. हिमोग्लोबिन सुधारल्यावर तीन महिने गोळ्या घेऊन दोन्ही चाचण्या कराव्यात. अनेक प्रयोगशाळांच्या कागदावर फेरिटिनची ‘नॉर्मल’ पट्टी दहा-बारापासून सुरू होते, त्यामुळे १४ आकडाही ठीक म्हणून छापून येतो. जागतिक आरोग्य संघटना १५ च्या खाली साठा संपला असे मानते. पाळी जास्त जाणाऱ्या मुलीत पुष्कळ डॉक्टर ३० च्या खाली समाधानी नसतात आणि ५० च्या आसपास आल्यावरच गोळी थांबवतात. ताप, जंतुसंसर्ग किंवा कुठलीही सूज असताना फेरिटिन उगाच वाढलेले दिसते, म्हणून आजारपण उलटल्यावर काही आठवडे जाऊ द्यावेत.

सगळा हिशेब गोळीतले लोह अंगी लागण्यावर उभा आहे, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो. सकाळी चहाबरोबर गोळी घेतली तर तिचा बराच भाग वाया जातो. गोळी आणि चहा-कॉफी यांत निदान एक-दोन तासांचे अंतर हवे. कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीची औषधेही आड येतात, आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्या मुलीने लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. उपाशीपोटी घेतलेली सर्वांत चांगली लागते. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी. थोडे कमी शोषले गेले तरी चालेल, पण सोडून देऊ नये. काळी शौच म्हणजे न शोषलेले लोह आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

लवकर बरे व्हावे म्हणून दिवसातून दोन-तीन गोळ्या घेण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याचा उपयोग थोडा आणि त्रास जास्त होतो. लोहाची एक मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि ते सुमारे एक दिवस आतड्याचे दार अर्धवट लावून ठेवते. दुसरी गोळी त्या दारावर येऊन थांबते. म्हणून दिवसाला एकदाच पुरे, आणि पोट फारच बिघडत असेल तर एक दिवसाआड घ्यावी. एक दिवसाआड घेणारीला प्रत्येक गोळीतले लोह जास्त मिळते, तरी एकूण महिने काहीसे वाढू शकतात, हे तिने आधीच धरून चालावे.

गोळी लागू पडते आहे का, हे कळायला सहा महिने थांबायची गरज नाही. दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान एका ग्रॅमने चढायला हवे. चढले नाही तर आधी प्रामाणिकपणे विचारावे की गोळी खरोखर पोटात जाते का, आणि कशाबरोबर. तिथे काही चुकत नसेल तर कारण शोधावे लागते. आतड्याचा आजार, न दिसणारा रक्तस्राव किंवा थॅलेसेमियाचा वारसा असू शकतो. त्या वारशात लाल पेशी लहान दिसतात, पण फेरिटिन चांगले असते, आणि अशा मुलीला वर्षानुवर्षे लोह देत राहण्यात काहीच अर्थ नाही. हिमोग्लोबिन सात-आठच्याही खाली असेल, किंवा गोळ्या अजिबात सोसत नसतील, तर शिरेतून लोह देण्याचा मार्ग खुला आहे.

आता पाळीकडे वळावे लागेल, कारण नळ तसाच वाहता ठेवून साठा टिकत नाही. आपल्या मुलीची पाळी पुढे चालवू. पाच महिने गोळ्या घेऊन तिचे फेरिटिन ५० झाले आणि गोळ्या थांबल्या. जेवणातून तिला लागणारे लोह रोज दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि पाळीखेरीजच शरीराचे एक मिलिग्रॅम रोज जाते. महिन्याला दहा-पंधरा मिलिग्रॅमची शिल्लक, आणि पाळीत चाळीसच्या वर खर्च. महिन्याला तीसेकाची तूट आली तर चारशेचा साठा वर्षभरात संपतो. भाज्या, गूळ, खजूर यांनी ही तूट भरून निघत नाही. ते जरूर खावेत, पण औषधाच्या जागी नव्हे.

आपली पाळी जास्त जाते हे पुष्कळ मुलींना ठाऊकच नसते, कारण आईचीही तशीच, मावशीचीही तशीच. काही खुणा ढळढळीत असतात. दर तास-दोन तासांनी पॅड भिजून बदलावे लागते, रात्री उठावे लागते, दोन पॅड एकावर एक लावावे लागतात, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी पडतात, पाळी सात दिवसांहून जास्त लांबते. पॅड मोजून नोंद ठेवण्याची एक साधी पद्धतही आहे. थोडासा डाग असलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २० द्यावेत. लहान गाठीला १ आणि मोठीला ५. पूर्ण पाळीची बेरीज शंभरच्या वर गेली तर रक्तस्राव जास्त आहे असे समजतात. ही नोंद घेऊन गेलेल्या मुलीला डॉक्टरांपुढे ‘खूप जाते’ एवढ्यावर थांबावे लागत नाही. खडू, माती, कच्चे तांदूळ किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटत असेल, तर तेही लाज न बाळगता सांगावे. ती लोह कमी असल्याची ओळखीची खूण आहे.

आणखी एक प्रश्न डॉक्टरांनी विचारायलाच हवा, आणि विचारला नाही तर मुलीने आपण होऊन सांगावा. पहिल्या पाळीपासूनच जोरात जाते का? नाकातून रक्त येते का, दात काढल्यावर बराच वेळ रक्त वाहिले का, अंगावर सहज काळेनिळे डाग उमटतात का, घरात आणखी कुणाला असे आहे का? असेल तर फॉन विलेब्रांड आजारासारखा रक्त गोठण्याचा दोष असू शकतो. त्याची तपासणी वेगळी असते, आणि अशा मुलीला मेफेनामिक ॲसिडसारखी वेदनाशामके देऊ नयेत. इतर मुलींमध्ये बीजांड नीट न सुटणे, थायरॉइड, गर्भाशयातली गाठ किंवा तांबी ही कारणे पाहिली जातात.

रक्तस्राव कमी करण्याचे उपाय साधे आहेत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी पाळीच्या जोराच्या तीन-चार दिवसांतच घ्यायची असते आणि ती रक्तस्राव तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने कमी करते. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्यांना ती देत नाहीत. संप्रेरकांच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे संप्रेरकाचे साधन हेही मार्ग आहेत, आणि लग्न झालेले नाही म्हणून ते कुणाला नाकारू नयेत.

आपल्या मुलीचा रक्तस्राव १०० वरून ५० मिलिलीटरवर आला की महिन्याची तूट दहा-बारा मिलिग्रॅमवर येते. शाळा-अंगणवाडीतून किशोरवयीन मुलींना मिळणारी आठवड्याची निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोहाची, एवढी तूट भरून काढू शकते. रोजच्या गोळीचा काळ संपल्यावर असा आठवड्याचा डोस चालू ठेवायचा का, हे पाळी किती आटोक्यात आली त्यावर ठरते. पाळी जोरातच राहिली, तर वर्षभर न थांबता तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासावे, आणि फेरिटिन ३० च्या खाली घसरताच, हिमोग्लोबिन पडायची वाट न पाहता, रोजची गोळी पुन्हा सुरू करावी. घरात लहान मूल असेल तर गोळ्यांचे पाकीट उंचावर, कुलपात ठेवावे. लाल, चकचकीत गोळ्या मुलांना गोड वाटतात, आणि मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेततात.