आजार न उलटलेल्यांचा हिशेब
रक्ताच्या कर्करोगावरील ६-मर्कॅप्टोप्युरीन या औषधाची अमेरिकेतील चाचणी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्या २१ रुग्णांपैकी ९ जणांचा आजार उलटला, सरासरी १२ आठवड्यांनी. मग औषधाचा गुण तेवढाच टिकतो का? नाही. उरलेल्या १२ जणांचा आजार शेवटच्या तपासणीपर्यंत उलटलाच नव्हता. त्यांना वगळले, तर ज्यांना गुण टिकला तेच हिशेबातून गळतात.

कॅप्लान-मायर पद्धतीत प्रत्येक जण देखरेखीखाली असेपर्यंत मोजला जातो. सहाव्या आठवड्यात तिघांचा आजार उलटला, टिकले १८/२१. आणखी एकाची देखरेख तिथेच संपली. सातव्या आठवड्यात उरलेल्या १७ पैकी एकाचा उलटला, टिकले १६/१७. गुणाकार ८१ टक्के. असे गुणत गेल्यावर आलेख २३व्या आठवड्यात निम्म्याखाली येतो. तो शून्याला पोहोचतच नाही, म्हणून सरासरीऐवजी हा मध्यक सांगतात. मात्र प्रकृती ढासळल्यामुळेच रुग्ण येईनासे झाले असतील, तर हा आकडाही फसवा ठरतो.