गच्चीवरच्या पावसाचा ताळेबंद

सोसायटीच्या सभेत पर्जन्यजल संधारणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘प्रत्येक फ्लॅटला किती पडणार?’ लगेच दुसरा येतो, ‘आणि ते कधी वसूल होणार?’ पहिल्याचं उत्तर कोटेशन मिळालं की देता येतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा कोटेशन देणाऱ्यानेच देऊन ठेवलेलं असतं, आणि ते ऐकायला फार गोड असतं. वर्गणी ठरवण्याआधी हे दुसरं उत्तर सोसायटीने स्वतः काढायला हवं.

त्यासाठी पुण्याच्या उपनगरातली एक नमुन्याची सोसायटी घेऊ. दोन इमारती, ४८ सदनिका, दोन्ही गच्च्या मिळून ९०० चौरस मीटर. महापालिकेचं पाणी पुरत नाही. उरलेली गरज एक बोअर आणि टँकर भागवतात. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी आहे आणि बोअर-टँकरचं वापरायचं पाणी साठवणारी ३०,००० लिटरची जमिनीखालची टाकी वेगळी आहे. १०,००० लिटरचा टँकर १,२०० रुपयांना पडतो. दर आणि खर्चाचे आकडे नमुन्याचे आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे टाकले की हाच हिशेब कोणत्याही सोसायटीला करता येईल.

गच्चीवर पडतं किती, हाती लागतं किती

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस धरला, तर ९०० चौरस मीटरवर ६ लाख ३० हजार लिटर पाणी पडतं. कोटेशन देणारा इथेच थांबतो. तो म्हणतो, हे ६३ टँकर झाले. टँकरचा उन्हाळ्यातला दर १,५०० धरून वर्षाची बचत ९४,५०० रुपये दाखवतो. त्याचं काम १ लाख ६५ हजारांचं असेल, तर पैसे पावणेदोन वर्षांत वसूल!

या हिशेबात गुणाकार चुकलेला नाही, गृहीतक चुकलेलं आहे. गच्ची आधी स्वतः पाणी पिते, थोडं वाफ होऊन जातं, हलक्या सरींचं पाणी पाइपापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय मोसमातल्या पहिल्या पावसाचं पाणी धूळ, पालापाचोळा आणि कबुतरांची घाण घेऊन येतं, ते सोडूनच द्यावं लागतं. हे सगळं वजा जाता ८० टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख लिटर पाणी फिल्टरपर्यंत येतं.

त्यापुढचा प्रश्न हे पाणी ठेवायचं कुठे. दिवसाला ४० मिमीची एक जोरदार सर आली की गच्चीवरून सुमारे २९,००० लिटर पाणी उतरतं आणि टाकी एका दिवसात भरते. या सोसायटीचा सगळा वापर, माणशी १३५ लिटर धरला तर, दिवसाला साधारण २६,००० लिटर आहे. त्यातला काही भाग नळाच्या पाण्याने भागतो, त्यामुळे टाकी दुसऱ्या दिवशी पूर्ण रिकामी होत नाही. लागोपाठ दोन दिवस पाऊस लागला की जास्तीचं पाणी बोअरकडे वळवावं लागतं. म्हणून ५ लाखांपैकी २ लाख लिटर थेट वापरात येईल आणि ३ लाख लिटर बोअरमध्ये जाईल, असं धरू. पावसाळ्यातही टँकर मागवावे लागतात अशाच सोसायटीत हे २ लाख लिटर म्हणजे २० टँकरची रोख बचत असते. पावसाळ्यात टँकर येतच नसतील तर हा आकडा खाली आणायला हवा.

बोअरमध्ये टाकलेलं पाणी आपलं असतं का?

पुण्याखाली काळा पाषाण आहे, दख्खनचा बेसाल्ट. या खडकात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि आतल्या भेगांमध्ये. त्या भेगा सोसायटीच्या कुंपणाला ओळखत नाहीत. जुलैत आपण बोअरमध्ये सोडलेलं पाणी मार्चपर्यंत जागेवर थांबेलच असं नाही. काही शेजारच्या बोअरला जाईल, काही ओढ्याकडे वाहून जाईल. म्हणून ३ लाखांपैकी निम्मं, दीड लाख लिटर परत मिळेल असं मी धरतो. म्हणजे १५ टँकर. हे निम्मं हा माझा सावध अंदाज आहे. एखाद्या ठिकाणी जास्त मिळेल, एखाद्या ठिकाणी काहीच मिळणार नाही.

बोअर पाणी घेते की नाही, हे मात्र खर्चाआधी पाहता येतं. एक टँकर मागवून त्याचं पाणी बोअरमध्ये सोडायचं आणि पातळी बघत राहायचं. पाणी सहज उतरत गेलं तर भेगा मोकळ्या आहेत. थोड्याच वेळात ते केसिंगच्या तोंडाशी येऊन थांबलं, तर त्या बोअरमध्ये पुनर्भरणावर पैसे घालण्यात अर्थ नाही. १,२०० रुपयांची ही चाचणी दोन-अडीच लाखांचा निर्णय ठरवते. बोअरमध्ये फक्त गच्चीचंच पाणी सोडायचं, हा नियमही इथेच पक्का करून ठेवावा. पार्किंगमधून वाहणाऱ्या पाण्यात तेल आणि मैला असतो आणि एकदा खाली गेलेली घाण वर काढता येत नाही.

तीन कोटेशनं, तीन वेगळी कामं

समितीने नुसतं ‘रेन वॉटरचं कोटेशन द्या’ म्हटलं, तर तीन जण तीन वेगळ्या कामांचे भाव देतात. आपल्या नमुन्यात ते असे आले.

पहिलं १ लाख ६५ हजारांचं. त्यात एक फिल्टर आणि बोअरभोवतीचा शोषखड्डा आहे, पण गच्चीच्या पाइपांना फिल्टरपर्यंत जोडणारी लाइन नाही, पहिल्या पावसाचं पाणी सोडण्याचा व्हॉल्व्ह नाही आणि जीएसटी वेगळा. दुसरं २ लाख ५ हजारांचं. त्यात सगळी जोडणी, टाकीकडची लाइन आणि बोअरकडचा ओव्हरफ्लो आहे, जीएसटी मात्र वेगळा. तिसरं ३ लाख ४० हजारांचं, जीएसटीसह. पण त्यात ९० हजारांची नवी पुनर्भरण बोअर धरलेली आहे. जुनी बोअर चाचणीत पास झाली असेल तर तिची गरज नाही.

आता तिघांना एका पातळीवर आणू. पहिल्यात पाइपलाइनचे ३० हजार आणि व्हॉल्व्ह-ओव्हरफ्लोचे १५ हजार मिळवले की २ लाख १० हजार होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,४७,८००. दुसरं जीएसटीसह २,४१,९००. तिसऱ्यातून नवी बोअर वगळली की २,५०,०००. सर्वांत स्वस्त वाटलेलं कोटेशन प्रत्यक्षात दुसऱ्यापेक्षा महाग निघालं आणि ‘दुप्पट महाग’ वाटलेलं जवळपास तेवढंच.

म्हणून कोटेशन मागवतानाच समितीने कामाची एक यादी करून तिघांना तीच द्यावी. तिच्यात गच्चीचे उतरते पाइप किती, लाइनची लांबी आणि व्यास किती, खड्ड्याचं माप आणि त्यातले दगड, खडी, वाळूचे थर, बोअरच्या केसिंगला पाडायची भोकं आणि त्यावरची जाळी, हे सगळं असावं. फिल्टरची क्षमताही लिटरमध्ये लिहून घ्यावी. अर्ध्या तासात ३० मिमी पाऊस कोसळला तर या गच्च्यांवरून २७,००० लिटरपर्यंत पाणी येऊ शकतं. फिल्टर लहान असला तर नेमक्या मोठ्या पावसात पाणी गटारात जातं, आणि वर्षाचं बरंचसं पाणी अशाच पावसांत पडलेलं असतं.

वर्गणी कशी वाटायची

दुसरं कोटेशन घेतलं आणि अचानक खर्चासाठी सुमारे १० टक्के, २४,१०० रुपये राखले, तर अंदाजपत्रक २ लाख ६६ हजारांचं होतं. त्यातले २६ हजार दुरुस्ती निधीतून घेतले तर २ लाख ४० हजार उरतात. ४८ सदनिकांना प्रत्येकी ५,००० रुपये. जानेवारीत आणि मार्चमध्ये अडीच-अडीच हजारांचे दोन हप्ते केले, तर काम एप्रिलमध्ये सुरू होऊन मृगाच्या आत पुरं होतं.

खर्च सर्वांना सारखा की क्षेत्रफळाप्रमाणे, यावर सभा अडकते. माझं मत असं, की टँकरचं बिल ज्या पद्धतीने वाटलं जातं त्याच पद्धतीने ही वर्गणी वाटावी, कारण बचतही त्याच वाटेने परत येणार आहे. टँकरचा खर्च समान असेल तर वर्गणी समान, नळांच्या संख्येवर असेल तर वर्गणीही तशीच. भाड्याने दिलेल्या फ्लॅटची वर्गणी मालकाने भरायची, कारण हा मिळकतीवरचा खर्च आहे. ठराव सर्वसाधारण सभेत करावा आणि इतिवृत्तात रक्कम, हप्ते आणि वाटणीची पद्धत स्पष्ट लिहावी.

वसुली: सव्वाआठ वर्षं

आता खरा हिशेब. थेट वापराचे २० आणि बोअरचे १५, मिळून ३५ टँकर. १,२०० रुपयांप्रमाणे ४२,००० रुपये. त्यातून गच्चीची सफाई, फिल्टर धुणं, वाळूचा वरचा थर बदलणं यांचे वर्षाला १०,००० वजा करायचे. उरतात ३२,०००. २ लाख ६६ हजारांना ३२ हजारांनी भागलं की येतात सुमारे सव्वाआठ वर्षं. टँकर १,५०० रुपयांवर गेला तर निव्वळ बचत ४२,५०० होते आणि वसुली सव्वासहा वर्षांवर येते. पुणे महापालिका अशा यंत्रणेसाठी मिळकतकराच्या सामान्य करात सवलत देते, पण ती सभासदाच्या बिलात दिसेपर्यंत या हिशेबात धरू नये. यंत्रणा बंद पडली तर ती सवलत टिकत नाही.

पावणेदोन आणि सव्वाआठ यांतलं अंतर मोठं आहे. सभेत आठ वर्षं सांगितली तर काही जण कुरकुरतील. पण पावणेदोन सांगून तिसऱ्या वर्षी टँकर तसेच येत राहिले, तर फिल्टर धुवायला कुणी वर चढणार नाही. मग जाळीत पाला अडकतो, वाळूवर गाळाचा थर बसतो, पाणी खड्ड्यावरून वाहू लागतं आणि यंत्रणा कायमची बंद पडते. माझ्या मते हे काम करावं, पण आठ वर्षांचं म्हणून करावं.

आणि खर्च करण्याआधी एक वही घालावी. वॉचमनने रोज येणाऱ्या टँकरची तारीख लिहायची, दर सोमवारी बोअरच्या पाण्याची पातळी दोरीने मोजून लिहायची आणि बोअर कोणत्या दिवशी आटली ते नोंदवायचं. एक वर्ष यंत्रणेआधीचं, एक नंतरचं. पाऊस कमी-जास्त झाला तर त्याचा आकडाही शेजारी लिहावा. पुढच्या वार्षिक सभेत ती वही वाचून दाखवा. किती पैसे परत आले, हे त्या दोन पानांवरून कुणालाही कळेल.