‘तुम्हाला काही विचारायचंय?’

इंटर्नशिपच्या मुलाखतीत शेवटी हा प्रश्न हमखास येतो आणि बरीच मुलं ‘नाही सर’ म्हणून उठतात. हातची संधी जाते ती इथेच. समजा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप आहे आणि समोर तुमची होणारी टीम लीड बसली आहे. तिला विचारा, ‘मॅडम, मागच्या इंटर्नने नेमकं कोणतं काम केलं? ते आज वापरात आहे का?’ तिने एखादं ठोस काम सांगितलं, तर तिथे शिकायला मिळेल. ‘तसं सगळंच असतं’ असं मोघम उत्तर आलं, तर काम ठरलेलंच नाही, असं समजा. माझं काम कोण तपासणार, हेही विचारा.

कंपनी काय करते, हे मात्र विचारू नका. ते वेबसाइटवर असतं. पहिल्याच फेरीत सुट्ट्यांची चौकशीही नको. स्टायपेंड विचारण्यात गैर काहीच नाही, पण तो प्रश्न एचआरसाठी ठेवा. होकार देण्याआधी आकडा आणि कालावधी ईमेलवर लेखी घ्याच.