‘माल होल्डवर आहे’ म्हणजे नेमकं कुठे? एजंटला विचारायचा लेखी प्रश्न

सीएचएसोबतचं चॅट साधारण असं असतं:

‘भाऊ, माल सुटला का?’
‘होल्ड आहे. क्वेरी आलीय.’
‘काय पाहिजे त्यांना?’
‘कॅटलॉग आणि मटेरियलचं.’
‘परवाच पाठवलं ना तुम्हाला!’
‘त्यात क्लिअर नाही. बघतो, साहेबांशी बोलतो.’

पुण्यातला एक व्यापारी गणपतीच्या तोंडावर चीनमधून कृत्रिम फुलं मागवतो, असं धरू. ४१२ कार्टन न्हावाशेव्याला उतरलेत आणि रोज भाडं चढतंय. या चॅटमधून त्याला काहीच कळलेलं नाही, कारण ‘होल्ड’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी लपतात. बिल ऑफ एन्ट्रीवर अधिकाऱ्याची क्वेरी असेल, मालाची तपासणी बाकी असेल, ड्युटी भरायची राहिली असेल, किंवा शिपिंग लाइनने डिलिव्हरी ऑर्डर दिलेली नसेल. चारही ठिकाणी उपाय वेगळा. शेवटच्यात तर कस्टम्सचा संबंधच नाही!

म्हणून आधी स्वतः बघा. आइसगेटच्या वेबसाइटवर बिल ऑफ एन्ट्रीचं स्टेटस दिसतं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: पोर्टचा कोड (न्हावाशेव्याचा `INNSA1`), बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर आणि तारीख. तुमच्याकडे हा नंबर नसेल, तर एजंटला पहिला मेसेज त्याचाच जाऊ द्या.

आता ‘साहेबांशी बोलतो’चं काय? ऑक्टोबर २०२० च्या अखेरीपासून देशभर फेसलेस असेसमेंट लागू झालं. माल न्हावाशेव्याला असला तरी तुमचं बिल तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात असू शकतो. त्याला दिसतं ते फक्त सिस्टीममध्ये चढवलेलं. तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलेला कॅटलॉग एजंटच्या फोनमध्येच राहिला, तर अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो नाहीच. कागद ई-संचितवर चढला की त्याला एक आयआरएन मिळतो. हा नंबर हीच कागद पोचल्याची खूण, आणि ‘पाठवलं का?’ऐवजी तोच मागायचा.

क्वेरीचे शब्दही जसेच्या तसे मागा. ‘मटेरियलचं पाहिजे’ हा एजंटने काढलेला सारांश आहे. फुलांच्या बाबतीत मूळ प्रश्न बहुतेक वर्गीकरणाचा असतो: प्लास्टिकची फुलं ६७०२१० मध्ये जातात, बाकीच्या मटेरियलची ६७०२९० मध्ये. पाकळी पॉलिस्टर कापडाची, देठ प्लास्टिकचा आणि आत तार असेल, तर नुसत्या फोटोंच्या कॅटलॉगवरून ते कसं कळणार? ‘त्यात क्लिअर नाही’ याचा अर्थ हा. इथे हवं ते सप्लायरचं लेटरहेडवरचं पत्र, प्रत्येक स्टाइल नंबरपुढे कोणता भाग कशाचा आणि किती टक्के हे लिहिलेलं. टक्के अंदाजाने स्वतः भरू नका. नमुना लॅबला गेला आणि आकडे जुळले नाहीत, तर साध्या क्वेरीचं चुकीच्या डिक्लरेशनचं प्रकरण होतं.

मग त्या चॅटचा मेसेज असा होईल (नंबर नमुन्याचे आहेत):

‘नमस्कार. बिल ऑफ एन्ट्री १२३४५६७, दि. ४ ऑगस्ट, पोर्ट `INNSA1`. कंटेनर `ABCU1234567`. इन्व्हॉइस क्र. ११८. माल: कृत्रिम फुलं, कापडी, ४१२ कार्टन, वर्गीकरण ६७०२९०.
१. आलेल्या क्वेरीचा पूर्ण मजकूर आणि तारीख स्क्रीनशॉटसह पाठवा.
२. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग आणि ६ तारखेला पाठवलेला कॅटलॉग यांपैकी काय ई-संचितवर चढलंय? प्रत्येकाचा आयआरएन द्या.
३. सप्लायरचं मटेरियलचं पत्र सोबत जोडलंय, १४ स्टाइल नंबर. क्वेरीला हे पुरेसं आहे का? नसेल तर कोणता मुद्दा राहतो?
४. उत्तर कधी सबमिट कराल? त्याआधी मसुदा मला दाखवा.
५. सीएफएस आणि शिपिंग लाइन, दोघांचे फ्री डेज कोणत्या तारखेला संपतात?’

मेसेज पाठवण्याआधी कार्टनचा आकडा आणि वजन इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग तिन्हींवर एकच आहे ना, हे ताडून बघा. पॅकिंग लिस्टवर ४१२ आणि बिल ऑफ लेडिंगवर ४२१ असेल, तर मटेरियलचं पत्र देऊनही दुसरी क्वेरी येऊ शकते. शेवटच्या प्रश्नात ‘दोघांचे’ मुद्दाम लिहिलंय: सीएफएस जागेचं भाडं लावतं, लाइन कंटेनर अडकल्याचं, आणि दोन्हींचे दिवस वेगळे मोजले जातात.

हा मेसेज चालतो तो असेसमेंटच्या क्वेरीला. माल डीआरआय किंवा कस्टम्सच्या तपास शाखेने अडवला असेल, तर एजंटकडून आधी त्या लेखी आदेशाची किंवा समन्सची प्रत घ्या, आणि उत्तर द्यायच्या आत कस्टम्सचं काम करणारा वकील गाठा.