नाव बदललं, खातं तेच

पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को रोड कुठे आहे असं विचारलं, तर कोणीही हात दाखवून सांगेल. टेल्को कंपनी मात्र २००३ सालीच टाटा मोटर्स झाली. आकुर्डीची बजाज टेम्पो २००५ साली फोर्स मोटर्स झाली. रस्त्यावर, चहाच्या टपरीवर जुनं नाव चालू राहिलं म्हणून कुणाचं काही अडत नाही. अडतं ते अकाउंट्समध्ये. तिथे ऑर्डरवर एक नाव, बिलावर दुसरं आणि बँकेत तिसरंच दिसलं, की बिल बाजूला काढून ठेवलं जातं.

कंपनीने नाव बदललं की ग्राहकांना एक पत्र जातं. त्यात नवा लोगो असतो, नव्या पर्वाची भाषा असते आणि शेवटी ‘आमची माणसं, अटी आणि सेवा पूर्वीसारखीच राहतील’ असं एक वाक्य असतं. माझ्या मते सगळं पत्र या शेवटच्या वाक्यावर उभं असतं, पण लिहिणारे त्यालाच सगळ्यात कमी जागा देतात. ‘पूर्वीसारखंच’ म्हणजे नेमकं काय, हे ग्राहकाला तपासून पाहता आलं पाहिजे.

आधी काय बदललं ते पाहू. कधी फक्त ब्रँड बदलतो. २०२० साली व्होडाफोन आणि आयडिया या दोन्ही ब्रँडच्या जागी ‘व्ही’ आलं, पण कंपनीचं नाव व्होडाफोन आयडिया लिमिटेडच राहिलं. कधी उलटं होतं. झोमॅटो लिमिटेड २०२५ मध्ये इटर्नल लिमिटेड झाली आणि जेवण मागवणाऱ्याच्या फोनवर झोमॅटो तसंच राहिलं. तिसरा प्रकार वेगळाच, आणि घोळ त्यातच होतो. कुणाची एकट्याची मालकीची पेढी असते, तो प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढतो आणि जुन्या गिऱ्हाइकांना ‘आमचं नाव बदललं’ असं कळवतो. इथे नुसतं नाव बदललेलं नसतं. कायद्याच्या नजरेत माल देणारी व्यक्तीच बदललेली असते. जुना करार, जुनी वॉरंटी, जुनी येणी आपोआप नव्या कंपनीकडे जात नाहीत. त्यासाठी ग्राहकाच्या संमतीने वेगळी लिखापढी करावी लागते. अशा वेळी ‘अटी त्याच’ हे आश्वासन कितीही मनापासून दिलेलं असलं, तरी त्या कागदांशिवाय ते अपुरं असतं.

फरक ओळखायला वकील लागत नाही, बिलावरचा जीएसटी क्रमांक पुरतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर ‘सी’, एकटा माणूस असेल तर ‘पी’, भागीदारी असेल तर ‘एफ’. जुन्या आणि नव्या बिलावरची ही दहा अक्षरं तीच असतील तर कंपनी तीच आहे. ती बदलली असतील तर पत्रात काहीही लिहिलेलं असो, व्यवहार नव्या माणसाशी आहे.

आता भोसरी एमआयडीसीतली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी समजा. सुटे भाग बनवते, दहा-बारा मोठी गिऱ्हाइकं आहेत. भागधारकांनी तीन चतुर्थांश मतांनी ठराव केला, नवं नाव राखून घेतलं, कंपनी निबंधकांकडे अर्ज गेला. मालकाला घाई अशी, की १ एप्रिलपासून नव्या नावाने बिलं काढायची. पण नाव बदलतं ते निबंधकांचं नवं प्रमाणपत्र निघतं त्या दिवशी. ठरावाची किंवा समारंभाची तारीख इथे चालत नाही. प्रमाणपत्र आल्यावर पॅनच्या नोंदीतलं नाव बदलायचं, कारण जीएसटी पोर्टल कायदेशीर नाव पॅनच्या नोंदीशी ताडून पाहतं. जीएसटीतला बदल १५ दिवसांत कळवायचा असतो, त्यामुळे पॅनचा अर्ज पडून राहून चालत नाही. मग बँक.

हा क्रम चुकला की काय होतं? ग्राहकाचा अकाउंटंट पोर्टलवर क्रमांक टाकतो, तिथे जुनं नाव दिसतं आणि हातात नव्या नावाचं बिल असतं. तो बिल परत पाठवतो, आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून पत्र दोनदा पाठवावं. पहिलं आगाऊ सूचना म्हणून: नाव बदलणार आहे, तारीख कळवू, तोवर बिलं जुन्याच नावाने येतील. दुसरं प्रमाणपत्राच्या प्रतीसह.

दुसऱ्या पत्राचा गाभा असा असू शकतो: ‘अमुक तारखेपासून आमच्या कंपनीचं नाव बदललं आहे, निबंधकांच्या प्रमाणपत्राची प्रत सोबत आहे. कंपनी तीच आहे. पॅन, जीएसटी क्रमांक, बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड बदललेले नाहीत. आपल्या चालू ऑर्डर्स, ठरलेले दर, पैसे देण्याची मुदत आणि आधी दिलेल्या मालाची वॉरंटी त्याच अटींवर चालू राहील. आपलं काम पाहणारी माणसं आणि त्यांचे फोन क्रमांक तेच आहेत. कृपया आपल्या पुरवठादार यादीत आमचं नाव बदलून घ्यावं आणि तसं कळवावं.’ बस. लोगो आणि नवं पर्व खुशाल दुसऱ्या पानावर घ्यावं.

नव्या लेटरहेडवर आणि बिलांवर नव्या नावासोबत पूर्वीचं नावही छापावं लागतं, तेही दोन वर्षं. कंपनी कायद्यातच तसं आहे. छपाई करणारा डिझायनर ही ओळ दिसायला वाईट म्हणून काढून टाकतो. ती परत घालायला लावावी.

या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बँक खात्याचं, आणि त्याला एक वाईट कारण आहे. नाव बदलल्याची बातमी फसवणूक करणाऱ्यांनाही कळते. ते हुबेहूब लेटरहेड बनवतात, एखादं अक्षर इकडचं तिकडे असलेल्या पत्त्यावरून मेल पाठवतात आणि कळवतात, ‘नाव बदलल्यामुळे खातंही बदललं आहे, पुढचे पैसे इथे भरा.’ नाव बदललं म्हणून खाते क्रमांक बदलावा लागत नाही. बँक त्याच खात्यावर नवं नाव लावते. ‘खातं बदललेलं नाही, आणि ते कधी बदललं तरी आम्ही नुसत्या मेलवर कळवणार नाही’ असं मूळ पत्रातच लिहिलेलं असेल, तर नंतर आलेलं खोटं पत्र लगेच उघडं पडतं.

मेलचे पत्ते मात्र बहुधा खरोखर बदलतात. नव्या पत्त्याची पहिली सूचना जुन्या पत्त्यावरूनच जावी, म्हणजे ओळखीच्या ठिकाणाहून आलेली असते. जुनं डोमेन काही वर्षं पैसे भरून आपल्याकडेच ठेवावं आणि त्यावरचे मेल नव्याकडे वळवावेत. चार पैसे वाचवायला ते सोडून दिलं, तर दुसरं कुणीही ते विकत घेऊ शकतं आणि जुन्या गिऱ्हाइकांचे मेल थेट त्याच्या हाती पडतात.

पत्र घेणाऱ्यानेही थोडं काम करावं. निबंधकांच्या सार्वजनिक नोंदीत नवं नाव पाहावं, जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकावा आणि एक फोन करावा. हा फोन पत्रात छापलेल्या क्रमांकावर करू नये, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर करावा. जुन्या नावाने दिलेली बँक गॅरंटी असेल, तर तीत बँकेकडून दुरुस्ती करून मागावी. ती मुदत संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.