एका चुकलेल्या गोळ्याची किंमत

2022 च्या यूपीएससी पूर्व परीक्षेत खुल्या प्रवर्गाचा कट-ऑफ 200 पैकी 88.22 गुणांवर थांबला. समजा, एका उमेदवाराने सामान्य अध्ययनाच्या 100 पैकी 80 प्रश्न सोडवले. 53 बरोबर आले, 27 चुकले. बरोबर उत्तराला 2 गुण, म्हणून 106 जमा. चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो, म्हणून 18 वजा. हाती उरले 88. वर्षभराची मेहनत पाव गुणापेक्षाही कमी फरकाने हुकली. त्या 27 पैकी एकच प्रश्न कोरा सोडला असता, तर गुण 88.67 झाले असते आणि तो मुख्य परीक्षेला बसला असता.

किती उत्तरे बरोबर हवीत, हे किती प्रश्न सोडवले यावर ठरते. हाच कट-ऑफ गाठायला 70 प्रश्न सोडवणाऱ्याला 51 बरोबर उत्तरे पुरतात, 80 सोडवणाऱ्याला 54 लागतात आणि सगळे 100 सोडवणाऱ्याला 59. थोडक्यात, दर चार जादा प्रश्नांमागे किमान एक उत्तर बरोबर यायला हवे, तरच जागच्या जागी राहता येते.

चार पर्यायांत डोळे मिटून तुक्का मारला, तर चारातला एक बरोबर येण्याची शक्यता असते. त्याचे 2 गुण मिळतात आणि तीन चुकांचे 2 गुण जातात. सरासरी शून्य! पण सरासरी ही लांबच्या पल्ल्याची गोष्ट आहे. दहा तुक्क्यांत तीन लागले, तर 1.33 गुण वाढतात. दोनच लागले, तर तेवढेच घटतात. कट-ऑफच्या काठावर एवढ्यानेही निकाल फिरतो.

एक पर्याय खात्रीने बाद करता आला की चित्र बदलते. मग प्रत्येक प्रश्नामागे सरासरी 0.22 गुणांचा फायदा होतो. दोन बाद केले, तर 0.67. अशा वेळी प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातचे गुण टाकून देणे. मात्र 2023 मध्ये ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?’ असे प्रश्न बरेच आले. तिथे एक विधान पक्के ठाऊक असूनही बाकीच्यांचा अंदाज चुकला की उत्तर चुकते. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाचा कट-ऑफ 75.41 वर उतरला.

हा हिशेब सगळीकडे सारखा नाही. ‘नीट’मध्ये बरोबरला 4 आणि चुकीला वजा 1, म्हणजे पाचात एक बरोबर आले तरी नुकसान टळते. म्हणून सूचनापत्रातला दंडाचा नियम आधी वाचावा.

सराव परीक्षा देताना अंदाजाने सोडवलेल्या प्रश्नांपुढे खूण करा आणि त्यांचे गुण वेगळे मोजा. यूपीएससीच्या नियमाने त्यातले पाव प्रश्नही बरोबर येत नसतील, तर ते प्रश्न कोरे सोडा.